‘हिशेब मंजूर’ या दोन शब्दांत काय काय बसतं? सोसायटीच्या इतिवृत्तात खजिनदारांचा अहवाल

प्रश्न: आमची ४८ सभासदांची गृहनिर्माण सोसायटी आहे. मी नुकताच सचिव झालो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिफ्टचे दोर बदलायला १,७७,००० रुपये लागले. अंदाजपत्रकात त्याची तरतूद नव्हती आणि आमच्या उपविधीप्रमाणे समितीची मर्यादा ५०,००० आहे. २४ ऑगस्ट २०२५ च्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात एवढंच आहे: ‘खजिनदारांनी हिशेब वाचून दाखवला, तो सर्वानुमते मंजूर झाला.’ आता दोन सभासद म्हणतात की लिफ्टच्या खर्चाला मंजुरीच नव्हती. बाकीचे म्हणतात, हिशेब मंजूर म्हणजे खर्चही मंजूर. खरं काय? आणि सुरक्षेवर ४२,००० जास्त, विजेवर ३६,००० कमी असे जे फरक पडले, ते इतिवृत्तात लिहायचे कसे?

उत्तर:

ते दोन सभासद बरोबर आहेत. त्यांना गप्प करायला कोणी ‘सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य दाखवत असेल, तर ते थांबवा. त्या वाक्याने तुमच्या समितीचं संरक्षण होत नाही.

हिशेब स्वीकारणं म्हणजे सभेने एवढंच म्हणणं की हे आकडे खरे आहेत, पैसे आले ते असे आले आणि गेले ते असे गेले. ‘लिफ्ट दुरुस्ती १,७७,०००’ ही ओळ स्वीकारली, म्हणजे एवढी रक्कम लिफ्टवर गेली हे मान्य झालं. ती खर्च करायचा अधिकार समितीला होता का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सभेपुढे आलाच नाही. जो प्रश्न विचारला गेला नाही, त्याचं उत्तर इतिवृत्तातून काढता येत नाही. लेखापरीक्षकही तसंच वाचतो. ताळेबंद बरोबर असल्याचं प्रमाणपत्र देऊन तोच माणूस दोषांच्या यादीत लिहितो की अमुक खर्चाला सर्वसाधारण सभेची पूर्वमंजुरी दिसून आली नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात.

मी बावीस वर्षं सोसायट्यांचे हिशेब आणि इतिवृत्तं पाहतो आहे. पैशांवरून झालेल्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी मला अफरातफर दिसली नाही, ‘मंजूर’ हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरलेला दिसला. म्हणून आधी ते तीन शब्द वेगळे करू. अहवालाची नोंद घेतली जाते. तपासलेले हिशेब स्वीकारले जातात. खर्चाला मंजुरी दिली जाते. पुढचं सगळं या तीन क्रियापदांवर उभं आहे.

महिन्याचा अहवाल: इथे ‘मंजूर’ लिहूच नका

खजिनदार दर महिन्याच्या समिती सभेत जमाखर्च मांडतात. ते आकडे अजून कोणी तपासलेले नसतात. तपासलेलं नाही ते मंजूर कसं करणार?

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका सोसायटीचा मी मानद सचिव होतो, तेव्हा दर महिन्याला मी इमाने ‘अहवाल मंजूर’ असं लिहीत असे. वर्षअखेरीस लेखापरीक्षणात निघालं की टँकरवाल्याचं एकच बिल दोनदा दिलं गेलं होतं, एकदा मूळ बिलावर आणि एकदा त्याच्या प्रतीवर. खजिनदारांनी शांतपणे इतिवृत्ताचं पुस्तक पुढे केलं आणि म्हणाले, ‘समितीने दोन्ही महिन्यांचे हिशेब मंजूर केलेत.’ त्यांचं म्हणणं कागदावर खरं होतं. पैसे टँकरवाल्याने परत दिले, पण त्या एका शब्दामुळे चूक खजिनदारांची की समितीची यावर तीन सभा गेल्या.

तेव्हापासून मी मासिक अहवालाची नोंद अशी लिहितो:

> विषय क्र. ३. खजिनदारांनी ऑक्टोबर २०२५ अखेरचा जमाखर्च मांडला. बँकेतील आरंभीची शिल्लक ४,१२,३५० रु., महिन्यातील जमा १,७१,००० रु., खर्च १,९६,४०० रु., अखेरची शिल्लक ३,८६,९५० रु. बँकेच्या ३१ ऑक्टोबरच्या उताऱ्याशी मेळ घातला असून १२,००० रुपयांचा एक धनादेश वटायचा बाकी आहे. तीन महिन्यांहून जुनी थकबाकी सहा सदनिकांकडे मिळून ८७,७५० रु. आहे. समितीने अहवालाची नोंद घेतली.

यात आरंभीची शिल्लक, जमा, खर्च आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे आले, की ते एकमेकांना तपासतात. आरंभीच्या शिलकीत जमा मिळवा, खर्च वजा करा, अखेरची शिल्लक यायलाच हवी. आली नाही, तर चूक त्याच सभेत सापडते. शिवाय या महिन्याची आरंभीची शिल्लक मागच्या महिन्याच्या इतिवृत्तातल्या अखेरच्या शिलकीशी जुळते का, हे सचिवाने पुस्तकाचं एक पान मागे उलटून पाहावं. जुळत नसेल, तर मधल्या काळात कोणीतरी जुन्या महिन्यात एखादी नोंद घातलेली असते. ती योग्यही असेल, पण समितीला ती माहीत हवी. बँकेच्या उताऱ्याची तारीख मी आग्रहाने लिहितो, कारण ‘बँकेशी मेळ घातला’ असं नुसतं म्हणणारे खजिनदार कधीकधी दोन महिन्यांपूर्वीच्या मेळाबद्दल बोलत असतात.

महिन्यातल्या बिलांना समितीची मान्यता लागते, ती वेगळ्या ठरावाने घ्या आणि बिलांची यादी त्याला जोडा. अहवालाची नोंद आणि बिलांची मान्यता एका वाक्यात गुंफू नका.

वार्षिक हिशेब: कोणते हिशेब, हे कळलं पाहिजे

सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, आणि तिच्यापुढे लेखापरीक्षण झालेले हिशेब यावे लागतात. तुमच्या इतिवृत्तात ‘हिशेब वाचून दाखवला’ आहे, पण कोणता? लेखापरीक्षणाआधीचा की नंतरचा? कोणत्या वर्षाचा? दहा वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी कोणी हे पान उघडलं, तर त्याला कळणार नाही. म्हणून ठरावातच हिशेबांची ओळख पटली पाहिजे. लेखापरीक्षकाच्या अहवालाची तारीख, ताळेबंदाची बेरीज आणि वर्षाचा वाढावा किंवा तूट एवढं लिहिलं, की दुसरा कोणताही कागद त्या जागी सरकवता येत नाही.

> ठराव क्र. ४. सन २०२४-२५ चे लेखापरीक्षित उत्पन्न-खर्च पत्रक व ३१ मार्च २०२५ रोजीचा ताळेबंद (बेरीज ६८,४२,१७५ रु.; वर्षाचा वाढावा ३१,४६० रु.) तसेच लेखापरीक्षकांचा १८ जुलै २०२५ चा अहवाल सभेपुढे ठेवण्यात आला. अहवालातील दोष क्र. १ ते ५ वाचून दाखविण्यात आले. सदर हिशेब सभा स्वीकारत आहे. या स्वीकृतीमुळे विषय क्र. ६ मधील खर्चाच्या मंजुरीबाबत सभेचा निर्णय झाला असे समजू नये.
> सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते संमत.

आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. शेवटचं वाक्य मात्र मी मुद्दाम घातलं आहे. ज्या वर्षी मर्यादेबाहेरचा खर्च झालेला असतो, त्या वर्षी ते एक वाक्य पुढचा सगळा वाद टाळतं. सभासद मोकळ्या मनाने हिशेब स्वीकारतात, कारण त्यामुळे आपला आक्षेप बुडणार नाही हे त्यांना ठाऊक असतं.

सूचक आणि अनुमोदक समितीबाहेरचे असावेत असं माझं मत आहे. स्वतःचे हिशेब स्वतःच सुचवणं कायद्यात अडत नसेल, पण वाचणाऱ्याला खटकतं.

चर्चा किती लिहायची? कोण चिडलं, कोणी किती वेळ भाषण केलं, हे लिहायचं नाही. प्रश्न आणि त्याला मिळालेलं उत्तर, प्रत्येकी एका ओळीत. ‘सदनिका क्र. ३०२ च्या सभासदांनी लिफ्टच्या खर्चाच्या मंजुरीबाबत विचारणा केली. तो विषय क्र. ६ मध्ये स्वतंत्रपणे घेतला असल्याचे सचिवांनी सांगितले.’ एवढं पुरतं. पण खजिनदारांनी सभेत काही आश्वासन दिलं असेल, ‘बिलाची प्रत पंधरा दिवसांत देतो’ असं म्हटलं असेल, तर ते तारखेसह लिहा. आश्वासनं सगळ्यांना वेगवेगळी आठवतात.

आणि ‘सर्वानुमते’ हा शब्द जपून वापरा. त्या दोन सभासदांनी २४ ऑगस्टला हात वर केला होता का, किंवा तोंडी विरोध केला होता का, याची चौकशी करा. केला असेल, तर तुमच्या इतिवृत्तातला ‘सर्वानुमते’ खोटा आहे आणि ते पान कायम होण्याआधी तेवढी दुरुस्ती व्हायला हवी.

तफावत: आकडा सोपा, कारण अवघड

तुमच्या दोन फरकांकडे येऊ. समजा सुरक्षेची तरतूद ८,४०,००० होती आणि खर्च ८,८२,००० झाला. विजेची तरतूद ३,००,००० आणि खर्च २,६४,०००. बहुतेक सोसायट्या तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च असे दोन स्तंभ छापतात आणि इतिवृत्तात ‘तफावतींवर चर्चा झाली’ असं लिहून मोकळ्या होतात. अशा नोंदीचा कोणालाच उपयोग होत नाही.

तफावतीचं कारण लिहिताना मी खजिनदारांना एकच गोष्ट विचारतो: हा फरक पुढच्या वर्षीही राहणार आहे का? सुरक्षेचे ४२,००० कुठून आले? रक्षकांचे दर ऑक्टोबरपासून वाढले आणि महिन्याला ७,००० जास्त जाऊ लागले, तर सहा महिन्यांचे ४२,००० झाले. म्हणजे पुढच्या पूर्ण वर्षात हाच फरक ८४,००० होणार. हे वाक्य इतिवृत्तात आलं, की पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद का वाढली हे कोणाला पुन्हा समजावावं लागत नाही. ‘सुरक्षा खर्च ५ टक्के वाढला’ एवढंच लिहिलं असतं, तर सभासद पुढच्या वर्षी ५ टक्केच वाढ धरून बसतील आणि मासिक वर्गणी कमी पडेल.

विजेचं उलटं असू शकतं. ३६,००० वाचले म्हणून टाळ्या पडतात. पण मार्चचं बिल एप्रिलमध्ये येतं. ते मार्चअखेर ‘देणे खर्च’ म्हणून धरलं आहे का, हे पाहा. समजा ते २८,००० चं बिल धरायचं राहून गेलं असेल, तर खरी बचत ८,००० आहे आणि बाकीचे २८,००० पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसलेले आहेत. पुढच्या वर्षी एकूण तेरा बिलं पडतील आणि तेव्हाच्या समितीला उधळपट्टीचा ठपका सोसावा लागेल. ओळखायची खूण सोपी आहे: वर्षातली बिलं मोजा. बारा हवीत. सामायिक वीज, महापालिकेचं पाणी आणि लिफ्टचा वार्षिक करार, या तीन ठिकाणी ही चूक नेहमी सापडते. लेखापरीक्षणानंतरही ती राहिलेली मी पाहिली आहे, कारण लेखापरीक्षक समोर आलेली बिलं तपासतो आणि न आलेलं बिल त्याला दिसत नाही.

इतिवृत्तातली नोंद अशी होते:

> सुरक्षा: तरतुदीपेक्षा ४२,००० रु. जास्त. ऑक्टोबर २०२४ पासून मासिक दरात ७,००० रु. वाढ. सन २०२५-२६ मध्ये पूर्ण वर्षाचा परिणाम ८४,००० रु. सामायिक वीज: तरतुदीपेक्षा ३६,००० रु. कमी. पैकी २८,००० रु. मार्च २०२५ चे बिल हिशेबात धरले न गेल्यामुळे. प्रत्यक्ष बचत ८,००० रु. सभेने तफावतींची नोंद घेतली.

इथेही क्रियापद ‘नोंद घेतली’. सगळ्या तफावती अशा लिहायच्या नाहीत, नाहीतर स्टेशनरीच्या ६०० रुपयांवर अर्धा तास जातो. मी शिफारस करतो ती अशी: तरतुदीच्या दहा टक्क्यांहून जास्त किंवा २५,००० रुपयांहून जास्त, यांपैकी काहीही असेल तर कारण लिहायचं. बाकीचं तक्त्यात असतंच. ही मोजपट्टी कायद्यातली नाही, माझ्या सवयीची आहे. तुमच्या सोसायटीने आपली ठरवावी आणि दरवर्षी तीच वापरावी. वर्षागणिक बदलणारी मोजपट्टी संशय वाढवते.

एका गोष्टीबद्दल सावध करतो. ‘विजेत ३६,००० वाचले, ते सुरक्षेत गेले, म्हणजे जमलं’ असं खजिनदार म्हणतात. एका शीर्षातली बचत दुसऱ्या शीर्षात वळवायचा अधिकार समितीला आहे का, हे अंदाजपत्रकाच्या ठरावात काय लिहिलंय त्यावर ठरतं, आणि बहुतेक ठरावांत त्यावर एक अक्षरही नसतं. पुढच्या अंदाजपत्रकाच्या ठरावात एक वाक्य घाला: नेहमीच्या देखभालीच्या शीर्षांमध्ये अमुक रकमेपर्यंत रक्कम वळवता येईल, मात्र दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड यांना हात लावता येणार नाही. त्यानंतर समितीला दर वेळी सभेची वाट पाहावी लागत नाही आणि सभासदांनाही सीमा कळते.

तरतुदीबाहेरचा खर्च: दोन इतिवृत्तं लागतात

आता लिफ्ट. इथे एका इतिवृत्ताने भागत नाही. निर्णय घेतला त्या दिवशीचं समितीचं इतिवृत्त आणि नंतर सर्वसाधारण सभेचं, अशी दोन लागतात, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्यावर अवलंबून असतं.

आधी नोव्हेंबर २०२४ चं समितीचं पान काढा. त्यात या गोष्टी आहेत का पाहा: काय बिघडलं आणि ते कोणी लेखी सांगितलं, थांबलो असतो तर काय झालं असतं, किती दरपत्रकं मागवली, कोणतं स्वीकारलं आणि का, करासह एकूण रक्कम किती, पैसे कोणत्या निधीतून देणार, आणि हे आपल्या मर्यादेबाहेर आहे याची समितीला जाणीव होती का. शेवटची गोष्ट लिहायला लोक कचरतात. आपणच आपली चूक कशाला नोंदवायची, असं त्यांना वाटतं. उलट आहे. ‘सदर रक्कम उपविधीतील ५०,००० रु. च्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने सर्वसाधारण सभेची कार्योत्तर मंजुरी घेण्यात येईल’ हे वाक्य त्याच दिवशी लिहिलेलं असेल, तर समिती काही लपवत नव्हती याचा तो सर्वात भक्कम पुरावा असतो.

रक्कम नेहमी करासह लिहा. तुमचे १,७७,००० हे १,५०,००० अधिक १८ टक्के जीएसटीचे २७,००० असावेत. कित्येक ठराव कराशिवायच्या रकमेचे असतात, प्रत्यक्षात धनादेश करासह जातो, आणि मंजुरीपेक्षा जास्त रक्कम दिल्याचा नवा दोष उभा राहतो. मर्यादेच्या काठावरच्या खर्चात तर हे हमखास घडतं: ४५,००० चं काम मर्यादेत आहे असं वाटतं, पण करासह ते ५३,१०० होतं.

निधीचं नावही तितकंच महत्त्वाचं. नुसतं ‘सोसायटीच्या निधीतून’ असं लिहू नका. दुरुस्ती व देखभाल निधी हा वेगळा, सिंकिंग फंड हा वेगळा. सिंकिंग फंड आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीची पुनर्बांधणी, रचनात्मक फेरबदल किंवा वास्तुविशारदाने प्रमाणित केलेली मोठी दुरुस्ती यांसाठी आहे आणि त्यालाही सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. दोर बदलण्यासाठी त्याला हात लावला असेल, तर तुमच्यापुढे एक नव्हे, दोन प्रश्न आहेत. ठरावात जो निधी लिहिला, हिशेबात खर्च त्याच निधीखाली दिसतो का, हेही ताडून पाहा. ठराव म्हणतो दुरुस्ती निधी आणि खजिनदारांनी रक्कम उत्पन्न-खर्च पत्रकात टाकली, असं झालं की वर्षाचा वाढावा विनाकारण कमी दिसतो.

आणि मोठा खर्च तुकडे करून मर्यादेत बसवलेला नाही ना, हे पाहा. चार दिवसांच्या अंतराने एकाच ठेकेदाराची ४९,०००, ४८,५०० अशी बिलं दिसली, की कोणताही लेखापरीक्षक ती एकत्र धरतो. मर्यादा ओलांडल्याचं कारण सांगता येतं, तुकडे केल्याचं सांगता येत नाही.

तातडीबद्दल स्पष्टपणे सांगतो. विशेष सर्वसाधारण सभेला आदर्श उपविधींप्रमाणे पूर्ण पाच दिवसांची नोटीस पुरते. दोर आणायला ठेकेदाराला दहा-बारा दिवस लागले असतील, तर तेवढ्यात सभा घेता आली असती. तसं असेल, तर ते सभेपुढे मान्य करा. सातव्या मजल्यावरच्या आजींना जिना चढवत नाही म्हणून काम लगेच सांगितलं, सभेचं सुचलं नाही, हे खरं कारण सभासद समजून घेतात. ‘अत्यंत तातडीमुळे सभा घेणे शक्य नव्हते’ असं लिहायचं आणि तारखांनी ते खोटं पडायचं, हे मात्र ते विसरत नाहीत.

सभेपुढे विषय कसा आणायचा

हा विषय नोटिशीतल्या विषयपत्रिकेवर स्वतंत्र क्रमांकाने, रकमेसह आला पाहिजे. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ यात तो अजिबात घेऊ नका. घरी बसलेल्या सभासदाला नोटीस वाचून कळलं पाहिजे की पावणेदोन लाखांचा निर्णय होणार आहे. ते न कळवता घेतलेली मंजुरी सभेत संमत होईलही, पण पहिल्याच तक्रारीत ती डळमळते.

> ठराव क्र. ६. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिफ्टचे मुख्य दोर बदलण्यासाठी समितीने करासह १,७७,००० रु. खर्च केला. या खर्चाची सन २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात तरतूद नव्हती व तो उपविधीतील समितीच्या मर्यादेपेक्षा १,२७,००० रु. जास्त आहे. खर्चापूर्वी सर्वसाधारण सभेची मंजुरी घेतली नव्हती. देखभाल ठेकेदाराचे लेखी पत्र, तीन दरपत्रके, बिल व समितीचा ठराव सभेपुढे ठेवण्यात आला. सदर खर्चास दुरुस्ती व देखभाल निधीतून कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. ही मंजुरी केवळ या खर्चापुरती असून समितीच्या खर्चमर्यादेत त्यामुळे बदल होत नाही.
> सूचक: … अनुमोदक: … उपस्थित ३१, बाजूने २६, विरोधात ३, तटस्थ २. ठराव बहुमताने संमत.

‘कार्योत्तर’ हा शब्द गाळून नुसती ‘मंजुरी’ लिहिली, तर वाचणाऱ्याला वाटेल की आधीच परवानगी होती. तो शब्द ठेवाच. समितीतल्या कोणाचे त्या ठेकेदाराशी नातं किंवा व्यवहार असेल, तर त्यांनी ते सभेत सांगितल्याचं आणि मतदानात भाग न घेतल्याचं एका ओळीत लिहा. विरोध करणाऱ्याने नाव नोंदवायला सांगितलं, तर नोंदवा.

जुन्या पानाचं काय

२४ ऑगस्टच्या इतिवृत्तात आता ‘लिफ्टच्या खर्चासही मंजुरी देण्यात आली’ असं घालता येईल का, हा मोह तुम्हाला होईल. कदाचित कोणी सुचवलंही असेल. घालू नका. इतिवृत्त कायम करताना दुरुस्ती होते ती सभेत जे घडलं पण चुकीचं लिहिलं गेलं त्याची. जे घडलंच नाही, ते दुरुस्ती म्हणून लिहिणं म्हणजे खोटा कागद तयार करणं, आणि एका साध्या प्रक्रियेच्या चुकीचं रूपांतर त्याने गंभीर आरोपात होतं. हिशेबाचं वर्ष आणि लेखापरीक्षण अहवालाची तारीख मात्र तुम्ही स्पष्टीकरण म्हणून घालू शकता, कारण तेच हिशेब सभेपुढे होते. पान आधीच कायम होऊन सह्या झाल्या असतील, तर त्यालाही हात लावू नका. ते स्पष्टीकरण पुढच्या सभेच्या इतिवृत्तात लिहा.

लिफ्टसाठी विशेष सभा बोलवा, वर सांगितल्याप्रमाणे विषय ठेवा, आणि त्या दोन सभासदांना नोटिशीबरोबर बिल आणि दरपत्रकांच्या प्रती द्या. लेखापरीक्षकांनी हा दोष लिहिला असेल, तर दोषदुरुस्ती अहवालात नव्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख टाका.

सभेने मंजुरी नाकारली तर? तेही जसंच्या तसं लिहायचं: ठराव मांडला, मतं इतकी पडली, ठराव असंमत. हिशेबातला आकडा त्यामुळे बदलत नाही, कारण पैसे खरोखर गेले आहेत आणि लिफ्ट चालू आहे. बदलतं ते हे की त्या खर्चाची जबाबदारी निर्णय घेणाऱ्या समिती सदस्यांकडे बोट दाखवते, आणि चौकशीत संस्थेचं नुकसान झाल्याचं ठरलं, तर कायद्याच्या कलम ८८ खाली वसुलीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. अशा वेळी सभासदांना नेमकं काय मान्य नाही, हे विचारून तेही नोंदवा. खर्च नको होता, दर जास्त होता, की फक्त न विचारल्याचा राग आहे? माझ्या पाहण्यातल्या दोन नकारांमध्ये दर जास्त असल्याची शंका हेच कारण निघालं. दोन्ही ठिकाणी बाहेरच्या लिफ्ट अभियंत्याकडून दर तपासून घेऊन तो अहवाल पुढच्या सभेपुढे ठेवायचा, असा ठराव झाला. त्या ठरावात अभियंता कोण नेमणार, त्याचं शुल्क किती आणि अहवाल कोणत्या तारखेपर्यंत येणार, हे तिन्ही लिहिलेलं असू द्या, कारण ते शुल्क हाही तरतुदीबाहेरचाच खर्च असतो.